फिरून तिथंच येणारं लिमिट : लोपितालच्या नियमाचं एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं कॉलेज. बी.एस्सी. पहिल्या वर्षाची अंतर्गत चाचणी, विषय कॅल्क्युलस. पेपर इंग्रजीत येतो, शिकवणं मराठीत चालतं आणि मुलं आपसात वऱ्हाडीत बोलतात. या प्रकरणातली विद्यार्थिनी जवळच्या खेड्यातून एसटीनं ये-जा करणारी. हात साफ आहे, डेरिव्हेटिव्ह काढताना चूक करत नाही. तिच्या पेपरात चार लिमिटं होती. चारही ठिकाणी तिनं एकच हत्यार चालवलं, लोपितालचा नियम. एक उत्तर बरोबर आलं, तीन चुकली, आणि गंमत म्हणजे तिन्हींत आकडेमोडीची एकही चूक नव्हती. म्हणूनच हा पेपर लिहून ठेवण्यासारखा वाटला. आकडेमोड चुकली असती तर लाल शाई फिरवून काम भागलं असतं.

आधी नियम नीट मांडतो, कारण सगळी भानगड त्याच्या शब्दांतच आहे. f आणि g ही दोन फलनं एखाद्या बिंदूकडे जाताना, किंवा x अनंताकडे जाताना, दोन्ही शून्याकडे जातात किंवा दोन्ही अनंताकडे जातात. त्या बिंदूच्या आसपास दोघांचे डेरिव्हेटिव्ह f′ आणि g′ आहेत आणि g′ तिथं शून्य होत नाही. आता f′/g′ चं लिमिट अस्तित्वात असेल, तर f/g चंही लिमिट असतं आणि ते तेवढंच असतं. या वाक्यातलं ‘असेल, तर’ महत्त्वाचं आहे. f′/g′ चं लिमिट नसेल तर काय, याबद्दल नियम चकार शब्द काढत नाही.

पहिला प्रश्न पटकन उरकतो.

x → 0 : (1 − cos x)/(x + x²)

अंश शून्य, छेद शून्य. एकदा डेरिव्हेटिव्ह घेतलं की sin x/(1 + 2x) येतं. आता वर शून्य आहे, पण खाली एक आहे. उत्तर शून्य, काम संपलं. तिनं इथं थांबून शून्य लिहिलं. वर्गातल्या बऱ्याच जणांनी हाताला लागलेल्या सवयीनं आणखी एक फेरी मारली, cos x/2 मिळवलं आणि उत्तर १/२ लिहिलं. परीक्षेत मार्क सगळ्यात जास्त याच चुकीनं जातात. दर फेरीआधी x ची किंमत घालून बघायची, शून्य भागिले शून्य किंवा अनंत भागिले अनंत असं अनिर्धार्य रूप राहिलं नसेल तर नियमाला हात लावायचा नाही. एवढी शिस्त पाळली की ही चूक होत नाही, आणि तिच्याकडे ती होती. तिची अडचण पुढच्या पानावर सुरू झाली.

दुसरा प्रश्न

x → ∞ : x/√(x² + 1)

अंश अनंत, छेद अनंत. अंशाचं डेरिव्हेटिव्ह 1, छेदाचं x/√(x² + 1). भागाकार केला की

√(x² + 1)/x

म्हणजे मूळ अपूर्णांक उलटा झाला. रूप अजूनही अनंत भागिले अनंत, म्हणून तिनं पुन्हा नियम लावला. आता वर x/√(x² + 1) आणि खाली 1 :

x/√(x² + 1)

सुरुवातीचाच प्रश्न परत हातात. तिनं पानभर हा खेळ केला. सरळ, उलटा, सरळ, उलटा. शेवटी रेघ ओढून लिहिलं की लिमिट अस्तित्वात नाही.

पेपर दाखवताना मी विचारलं, “हे काहून लिहिलं?”

“सर, हे तं फिरून फिरून तिथंच येते. थांबतच नाही. मले वाटलं, लिमिटच नसंल.”

“थांबत काय नाही? लिमिट की तुझा नियम?”

ती गप्प राहिली. मग मी तिला कॅल्क्युलेटर काढायला लावला. x ला १० दिलं तर ०.९९५०४ येतं. १०० दिलं तर ०.९९९९५. हजारावर तर कॅल्क्युलेटर जवळजवळ एकच दाखवतो. संख्या कुठंही भटकत नाही, सरळ एकाकडे चालली आहे. म्हणजे लिमिट नाही हे विधान साफ खोटं आहे. कॅल्क्युलेटरनं सिद्धता होत नाही हे खरं, पण आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत एवढं तो नक्की सांगतो, आणि त्याला मिनिटभरही लागत नाही.

तिला चित्रही दाखवलं. पऱ्हाटीच्या दोन तासांत, म्हणजे ओळींत, साधारण मीटरभर अंतर धरलं, तर एका तासाच्या टोकाला एक माणूस उभा आहे आणि शेजारच्या तासातून दुसरा सरळ चालत निघाला आहे. चाललेलं अंतर x, आणि दोघांमधलं सरळ रेषेतलं अंतर √(x² + 1). सुरुवातीला या दोन्हींत फरक दिसतो. शंभर मीटर गेल्यावर तो फक्त पाच मिलिमीटर उरतो. कारण

√(x² + 1) − x = 1/(√(x² + 1) + x)

आणि उजवी बाजू 1/(2x) पेक्षा लहान आहे. शंभर मीटरच्या दोन अंतरांत पाच मिलिमीटरचा फरक असेल तर त्यांचं गुणोत्तर एकाला चिकटणारच. हे तिला लगेच पटलं. आठवीपासून पायथागोरस वापरणाऱ्या पोरीला ते पटायलाच हवं.

सरळ रीत तर दोन ओळींची आहे. अंश आणि छेद दोन्हींना x नं भागा, 1/√(1 + 1/x²) मिळतं, 1/x² शून्याकडे जातं, उत्तर एक. डेरिव्हेटिव्हची गरजच नाही.

यावर तिनं फार नेमका प्रश्न विचारला. “पण सर, मी नियम तं बरोबर लावला ना? मंग त्यानं उत्तर काऊन नाही देल्लं?”

नियम बरोबर लावला होता, पण तो काय म्हणाला ते बघा. उलट्या अपूर्णांकाचं लिमिट असेल, तर सरळ अपूर्णांकाचं तेवढंच असेल. दुसऱ्या फेरीत म्हणाला, सरळ अपूर्णांकाचं असेल, तर उलट्याचं तेवढंच असेल. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण दोन्ही ‘असेल, तर’ वर लटकलेली आहेत आणि ‘आहे’ असं सांगणारं कोणीच नाही. हजार फेऱ्या मारल्या तरी त्यात तिसरं वाक्य येणार नाही. त्यामुळे फेऱ्या थांबत नाहीत यावरून लिमिट आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही ठरत नाही.

इथं हुशार मुलं एक पळवाट काढतात. लिमिट L धरू. फेरीनंतर अपूर्णांक उलटा झाला, म्हणजे L = 1/L, म्हणजे L² = 1, आणि x धन असल्यामुळे L = 1. उत्तर बरोबर येतं. पण ‘लिमिट L धरू’ म्हणताना जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं. या उत्तराला मी निम्मेच मार्क देतो, आणि मुलं दरवर्षी भांडतात.

पण या फेऱ्यांत खरी माहिती लपलेली आहे, आणि ती बाहेर काढली की गृहीत धरावं लागत नाही. बहुतेक जण इथवर येतच नाहीत, म्हणून जरा थांबून सांगतो. पहिल्या फेरीनंतर अपूर्णांक उलटा झाला याचा अर्थ

f′/g′ = g/f

तिरका गुणाकार केला की f·f′ = g·g′. आता f² चं डेरिव्हेटिव्ह 2f·f′ असतं आणि g² चं 2g·g′. ही दोन्ही सारखी निघाली. म्हणजे f² − g² चं डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणजे f² − g² ही एक स्थिर संख्या आहे. तिला C म्हणू. दोन्ही बाजूंना g² नं भागलं की

(f/g)² = 1 + C/g²

g अनंताकडे जातो, म्हणून C/g² शून्याकडे जातं आणि (f/g)² एकाकडे. f आणि g दोन्ही धन असतील तर f/g चं लिमिट एक. कुठेही ‘लिमिट आहे असं धरू’ म्हणावं लागलं नाही. आपल्या प्रश्नात C काढून बघा : x² − (x² + 1) = −1. वर पाच मिलिमीटर निघाले तेही या −1 मधूनच.

म्हणजे फेरीला निकामी समजून टाकून देऊ नये. तिथं थांबावं आणि ‘अपूर्णांक उलटा का झाला?’ असं विचारावं. तिनं हे मांडताना वहीत f² − g² भोवती गोल काढला.

तिसरा प्रश्न

x → 0, x धन : e^(−1/x)/x

x लहान होत जातो तसं −1/x ऋण बाजूला खोल जातं, म्हणून अंश शून्याकडे जातो. छेद तर शून्याकडे जातोच. तिनं नियम लावला. e^(−1/x) चं डेरिव्हेटिव्ह e^(−1/x) गुणिले 1/x², छेदाचं 1 :

e^(−1/x)/x²

पुन्हा शून्य भागिले शून्य. पुन्हा नियम :

e^(−1/x)/(2x³)

आणखी एकदा :

e^(−1/x)/(6x⁴)

इथं फेरी नाही. मूळ प्रश्न परत येत नाही, दर वेळी नवीन अपूर्णांक येतो, त्यामुळे काहीतरी पुढे सरकतंय असं वाटत राहतं. प्रत्यक्षात आपण उलट्या दिशेनं चाललो आहोत. सुरुवातीला छेदात x चा पहिला घात होता, तीन फेऱ्यांनी चौथा झाला. तिनं छेद इतक्या वेगानं शून्याकडे जाताना पाहिला आणि उत्तर अनंत लिहिलं. खरं उत्तर शून्य आहे. x = ०.१ घातलं की सुमारे ०.०००४५ येतं, आणि x = ०.०५ ला तर दशांश चिन्हानंतर सात शून्यं मोजून मग चार येतो.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. e^(−1/x) चं डेरिव्हेटिव्ह घेतलं की ते स्वतः जसंच्या तसं उरतं आणि वर 1/x² सोडून जातं. छेदातल्या x चा एक घात डेरिव्हेटिव्हनं कमी होतो, पण अंशाकडून दोन घात खाली उतरतात. दर फेरीला एक घात वाढणारच. हे पहिल्या फेरीतच दिसतं, त्यासाठी तीन फेऱ्या मारायची गरज नव्हती.

उपाय म्हणजे मांडणी बदलणं. 1/x ला t म्हणा. x शून्याकडे धन बाजूनं जातो तेव्हा t अनंताकडे जातो, आणि प्रश्न होतो

t → ∞ : t/eᵗ

एक फेरी : 1/eᵗ. उत्तर शून्य. नियम तोच, प्रश्न तोच, फक्त कोण वर आणि कोण खाली हे बदललं. डेरिव्हेटिव्हनं t संपतो आणि eᵗ तसाच राहतो, म्हणून t मोकळा ठेवला की काम होतं. आधीच्या मांडणीत जी गोष्ट संपायला हवी तीच दर फेरीला फुगत होती. मी वर्गात सांगतो की एक फेरी झाली की पेन खाली ठेवा आणि नवा अपूर्णांक जुन्यापेक्षा सोपा आहे का बघा. घात कमी झाला का, मूळ सुटलं का, एखादं पद गेलं का. काहीच झालं नसेल तर दुसरी फेरी मारण्याआधी मांडणी बदला.

चौथा प्रश्न

x → ∞ : (x + sin x)/x

अनंत भागिले अनंत. नियम लावला की 1 + cos x. cos x कायम −१ आणि १ मध्ये झुलतं, म्हणून 1 + cos x शून्य ते दोनच्या मध्ये झुलतं, त्याला लिमिट नाही. तिनं निष्कर्ष काढला की मूळ लिमिटही नाही.

दुसऱ्या प्रश्नात निदान फेरी डोळ्यांसमोर होती, काहीतरी बिनसलंय हे कळत होतं. इथं एका ओळीत स्वच्छ, ठाम आणि चुकीचं उत्तर मिळतं, म्हणून मला हा प्रकार जास्त धोक्याचा वाटतो. नियमाचं वाक्य परत वाचा. f′/g′ चं लिमिट नाही, मग नियम गप्प. त्याच्या गप्प बसण्याला तिनं नकार समजलं. मूळ अपूर्णांक फोडला की 1 + (sin x)/x होतो, sin x एकाच्या पुढे जात नाही, म्हणून हजारावर किंमत ०.९९९ आणि १.००१ च्या मध्येच असणार. उत्तर एक.

“पण सर, डेरिव्हेटिव्ह झुलते तं फंक्शन काऊन नाही झुलत?”

झुलतंच, पण किती झुलतं ते बघायचं. sin x ची लाट उंचीला एकच आहे. x अनंताकडे गेला तरी तिची उंची वाढत नाही, आणि वाढत्या x नं भागल्यावर ती नाहीशी होते. डेरिव्हेटिव्ह मात्र उंची बघत नाही, चढ बघतं. लाटेचा चढ कुठेही गेलं तरी तितकाच तिखट राहतो, आणि छेदाचं डेरिव्हेटिव्ह 1 असल्यामुळे त्याला दाबणारं काही उरत नाही. म्हणून अनंताकडच्या प्रश्नात साइन-कोसाइन दिसलं की आधी भागून बघावं, नियम नंतर.

बाकावर शेजारी बसलेल्या मुलानं विचारलं की मग नियम गप्पच बसतो की कधी खोटंही बोलतो? अटी पाळल्या तर कधीच नाही. पण g′ शून्य होऊ नये ही अट मुलं पाठ करतात आणि तपासत नाहीत. ऑस्ट्रियाच्या ऑटो श्टोल्झ या गणितज्ञानं १८७९ मध्ये तिच्यावरच बोट ठेवलं. त्याचं उदाहरण असं :

f = x + sin x·cos x, g = e^(sin x)·f

x अनंताकडे जाताना दोन्ही अनंताकडे जातात. f′ निघतं 2cos²x. g′ मध्येही cos x सामाईक निघतो. वरचा-खालचा cos x काटला की उरलेल्या अपूर्णांकाचा अंश मर्यादेत राहतो आणि छेद अनंताकडे जातो, म्हणजे त्याचं लिमिट शून्य. पण f/g म्हणजे e^(−sin x), आणि ते 1/e ते e च्या मध्ये कायम झुलत राहतं. नियमानं शून्य दिलं, प्रत्यक्षात लिमिटच नाही. गडबड cos x काटताना झाली. कितीही दूर गेलं तरी cos x पुन्हा पुन्हा शून्य होतो, तिथं g′ शून्य असतं आणि f′/g′ ला अर्थच नसतो. काटल्यावर ती सगळी ठिकाणं कागदावरून गायब होतात. हे उदाहरण परीक्षेत येत नाही, पण छेदाच्या डेरिव्हेटिव्हमधून झुलणारा घटक काटताना हात का आखडावा हे त्यातून कळतं.

फेरपरीक्षा

पंधरवड्यानं मी वर्गाला एकच लिमिट दिलं. मुद्दाम दुसऱ्या प्रश्नासारखं दिसणारं.

x → ∞ : (2eˣ + e⁻ˣ)/(eˣ − e⁻ˣ)

पहिली फेरी : (2eˣ − e⁻ˣ)/(eˣ + e⁻ˣ). दुसरी फेरी : मूळ अपूर्णांक परत. वर्गातल्या अनेकांना L = 1/L ची पळवाट आता माहीत झाली होती. त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, फिरून तिथंच आलो असं म्हणाले, आणि उत्तर एक लिहून मोकळे झाले.

आमच्या विद्यार्थिनीनं पहिल्या फेरीनंतर पेन थांबवलं. मिळालेला अपूर्णांक मूळ अपूर्णांकाचा उलटा आहे का, हे तिनं ताडून बघितलं. नाही. मूळ उलटा केला तर (eˣ − e⁻ˣ)/(2eˣ + e⁻ˣ) व्हायला हवा होता. म्हणजे f′/g′ = g/f ही गोष्ट इथं खरी नाही, f² − g² स्थिर नाही, आणि त्यावर उभं असलेलं सगळं इथं लागू होत नाही. दोन फेऱ्यांनी मिळणारं समीकरण फक्त L = L, त्यातून कोणतीही संख्या निघत नाही. मग तिनं अंश आणि छेद eˣ नं भागले :

(2 + e⁻²ˣ)/(1 − e⁻²ˣ)

e⁻²ˣ शून्याकडे जातं. उत्तर दोन. खाली तिनं कॅल्क्युलेटरवर x = ५ घालून आलेला आकडाही लिहिला होता, २.०००१४, आणि त्याच्याभोवती गोल केला होता.